ठिबकच्या अनुदानाचं परिपत्रक: आपल्या भाषेत

मंडळी, राम राम.

परवाच्या ग्रामसभेत ठिबक सिंचनाच्या अनुदानाचं परिपत्रक वाचून दाखवलं. सगळ्यांनी ऐकलं, पण बाहेर पडताना जो तो एकच विचारत होता, "म्हणजे आपल्याला नेमकं मिळणार किती, आणि करायचं काय?" परिपत्रकाची भाषा कचेरीची असते, त्यात कुणाचा दोष नाही. म्हणून ते घरी नेऊन नीट वाचलं आणि जे कळलं ते इथे लिहिलंय. घरात ज्याला वाचता येतं त्याने म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा, कारण बहुतेक सातबारे अजून त्यांच्याच नावावर आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. पूर्वसंमती हातात येईपर्यंत एक रुपयाचंही सामान घेऊ नका. बाकीचं थोडं मागंपुढं झालं तर दुरुस्त करता येतं, हे येत नाही. मागच्या हंगामात आपल्याच शिवारातल्या एका भावाने अर्ज भरला आणि "मंजुरी काय, येईलच" म्हणून लगेच पाइप, लॅटरल, फिल्टर सगळं आणून टाकलं. बिलावरची तारीख आधीची आणि पूर्वसंमती नंतरची, त्यामुळे अनुदान गेलं. सामान चांगलं होतं, कंपनी नोंदणीकृत होती, शेतात ठिबक चालूही होतं, तरी उपयोग झाला नाही. तारखेपुढे कुणाचं काही चालत नाही.

आता पैशाचं. परिपत्रकात एका ठिकाणी ५५ टक्के लिहिलंय, दुसऱ्या ठिकाणी ४५ आणि पुढे "पूरक अनुदान २५ व ३० टक्के". त्यामुळे कुणी म्हणतं ५५च मिळणार, कुणी म्हणतं ८०. दोन योजना एकत्र चालतात म्हणून असं दिसतं. केंद्राच्या "प्रति थेंब अधिक पीक" योजनेतून अल्प आणि अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के आणि बाकीच्यांना ४५ टक्के मिळतात. त्यावर राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून पहिल्याला आणखी २५ आणि दुसऱ्याला आणखी ३० टक्के मिळतात. बेरीज केली की ज्याची एकूण जमीन २ हेक्टरपर्यंत, म्हणजे साधारण ५ एकरापर्यंत आहे त्याला ८० टक्के, आणि त्याहून जास्त जमीन असलेल्याला ७५ टक्के. अर्ज मात्र एकच करायचा.

पण हे ८० टक्के कशाचे, इथे बहुतेकांची गफलत होते. दुकानदाराच्या बिलाचे ८० टक्के, असं परिपत्रकात कुठेही नाही. सरकारने प्रत्येक अंतरासाठी हेक्टरी खर्चाचा एक आकडा ठरवून दिलाय, त्याला मापदंड म्हणतात. मापदंड आणि तुमचं बिल, यात जो आकडा कमी त्यावर टक्के काढतात.

हिशेब करून बघू. समजा तुमच्या अंतराला मापदंड १,००,००० रुपये आहे आणि तुमची एकूण जमीन ४ एकर आहे. बिल १,१०,००० झालं, तर अनुदान १,००,००० वर धरून ८०,००० मिळेल, आणि खिशातून ३०,००० जातील. "माझा वाटा २० टक्के म्हणजे २२,०००" असं धरून बसलात तर ८,००० कमी पडतील. उलट बिल ९०,००० झालं, तर त्याचे ८० टक्के म्हणजे ७२,००० मिळतील आणि खिशातून १८,००० जातील. हे आकडे समजावण्यापुरते घेतलेत. तुमच्या पिकाचा आणि अंतराचा खरा मापदंड कृषी सहायकांकडून विचारून घ्या, आणि तो कळल्यावरच दुकानदाराशी भाव करा.

मापदंड अंतराप्रमाणे का बदलतो, तेही लक्षात घ्या, कारण तपासणीत अडकायचं ठिकाण हेच. दोन लॅटरलमध्ये दीड मीटर अंतर ठेवलं तर एका हेक्टरला साधारण ६,६६७ मीटर नळी लागते. तेच अंतर तीन मीटर ठेवलं तर अर्धी नळी पुरते. म्हणून जवळच्या ओळींना मापदंड जास्त आणि लांबच्या ओळींना कमी. आता कुणी म्हणेल, अर्जात जवळचं अंतर लिहू आणि शेतात लांब टाकू. भावांनो, मोका तपासणीला माणूस टेप घेऊन येतो. ओळीतलं अंतर मोजतो, लॅटरल मोजतो, फिल्टर बघतो, फोटो काढतो आणि त्या फोटोत जागेची नोंदसुद्धा येते. अर्जात एक आणि शेतात दुसरं निघालं तर अनुदान कमी होतं किंवा प्रकरण अडकतं. जे लावणार तेच लिहा. पीक ठरलं नसेल तर आधी घरात बसून ठरवा, मग अर्ज भरा.

हे अनुदान एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त ५ हेक्टरपर्यंत, म्हणजे साडेबारा एकरापर्यंत मिळतं. ज्या गटावर आधी ठिबकचं अनुदान घेतलंय, त्याच गटावर ७ वर्षं पुन्हा मिळत नाही. दुसऱ्या गटावर घ्यायचं असेल तर हरकत नाही.

अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आणि अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्यांसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना वेगळ्या आहेत. त्यातून ठिबकला जास्तीची मदत होते. आपल्या वस्तीवरच्या बऱ्याच जणांना हे कुणी सांगितलेलंच नाही. त्यांनी जातीचा दाखला आधी काढून ठेवावा आणि अर्जाच्या आधी कृषी सहायकांना जरूर भेटावं.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतो. त्यासाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो, ज्याला आपण फार्मर आयडी म्हणतो. १५ एप्रिल २०२५ पासून तो बंधनकारक आहे. ज्यांचा अजून निघाला नाही त्यांनी आधार कार्ड, आधारला जोडलेला मोबाइल आणि सातबारा घेऊन सेवा केंद्रावर जावं. मोबाइल बरोबर हवाच, ओटीपी त्याच्यावरच येतो. मुलाकडे पुण्याला असलेला नंबर आधारला जोडला असेल तर आधी फोन करून त्याला मोकळं राहायला सांगा, नाहीतर हेलपाटा होतो.

पोर्टलवर "सिंचन साधने व सुविधा" या भागात जायचं, ठिबक निवडायचं, गट नंबर, पीक, अंतर आणि क्षेत्र भरायचं. पोर्टलची फी २३ रुपये ६० पैसे आहे. सेवा केंद्रवाला त्याच्या कामाचे वेगळे घेईल, ते आधी विचारून घ्या. याशिवाय "वर द्यावे लागतात", "यादीत नाव वर घेतो" असं सांगून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आता सोडत काढत नाहीत, जो आधी अर्ज करेल त्याला आधी, असा नियम आहे. नाव वर-खाली करणं कुणाच्या हातात नाही. ज्यांचा जुना अर्ज पडून आहे त्यांनी तो घाईने रद्द करून नवा भरू नये. आधी केंद्रावर त्याची स्थिती बघा. रद्द केलात तर रांगेतली जागा तुम्हीच सोडली.

निवड झाली की मोबाइलवर मेसेज येतो. मग सातबारा, आठ-अ आणि मागतील ती कागदं पोर्टलवर चढवायची असतात, आणि त्याला मुदत असते. मेसेज न वाचता पुसून टाकायची सवय असेल तर या दिवसांत घरातल्या शाळकरी पोराला रोज एकदा फोन बघायला सांगा. कागद तपासले की पूर्वसंमती मिळते. ती आली की मग दुकानात जा. सामान राज्यात नोंदणी असलेल्या कंपनीचंच घ्या, नळीवर आयएसआयची खूण बघा आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या. साधारण ३० दिवसांत ठिबक बसवून बिल पोर्टलवर चढवायचं असतं. पण पूर्वसंमतीच्या पत्रात जी तारीख असेल तीच शेवटची धरा. त्यानंतर मोका तपासणी, आणि मग पैसे खात्यात.

खात्यावरून आठवलं. पैसे तुम्ही दिलेल्या पासबुकाच्या खात्यात जातात असं नाही. ज्या खात्याला आधार शेवटचं जोडलं गेलंय, त्यात जातात. बऱ्याच जणांची दोन-तीन खाती आहेत आणि एखादं वर्षानुवर्षं बंद पडलंय. बँकेत जाऊन एकदा विचारा, "माझं आधार अनुदानासाठी कोणत्या खात्याला जोडलंय?" नुसता "आधार लिंक आहे का" असं विचारलं तर "हो" एवढंच उत्तर मिळेल आणि तुम्ही समाधानाने परत याल.

आणखी दोन अडचणी आपल्या गावात हमखास येतात. पहिली, जमीन अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असणं. मेलेल्या माणसाच्या नावावर अर्ज होत नाही. तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, वारस नोंदीचा अर्ज आजच टाका. त्याला वेळ लागतो. नोंद करताना आईचं आणि बहिणींचं नाव वगळू नका. तो त्यांचा हक्क आहे, आणि पुढे त्यावरूनच प्रकरणं अडकतात. दुसरी अडचण सामायिक खात्याची. तिथे बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. भावाभावांत बोलणं बंद असेल तर गावातल्या कुणा वडीलधाऱ्याला मध्ये घ्या, पण सही घ्याच.

विहीर किंवा बोअर सातबाऱ्यावर आहे का, तेही आत्ताच बघा. नसेल तर पाण्याच्या साधनाबद्दल काय लिहून द्यायचं ते अर्जाच्या वेळी सांगू.

ज्यांना अर्ज भरायला मदत हवी त्यांनी येत्या बुधवारी सकाळी १० वाजता ग्रामपंचायतीत यावं. कृषी सहायक दुपारी २ पर्यंत थांबणार आहेत. येताना आधार कार्ड, आधारला जोडलेला मोबाइल चार्ज करून, चालू सातबारा आणि आठ-अ, पासबुक, असेल तर जातीचा दाखला आणि सामायिक खातं असेल तर संमतीपत्र आणा. ज्या बाईच्या नावावर जमीन आहे तिने स्वतः यावं. तिच्या जागी नवऱ्याने किंवा दिराने येऊन भागत नाही, अंगठा आणि ओटीपी तिचाच लागतो.