लोहगड किल्ला माहिती: वेळ, तिकीट, प्रवेशाचे नियम, जायचं कसं आणि इतिहास

लोहगड हा मावळ तालुक्यातला, लोणावळ्याजवळचा गिरिदुर्ग. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,०३३ मीटर, चढाई सोपी, पायथ्याचं गाव लोहगडवाडी. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातलं राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यांत लोहगडही आहे. आम्ही लोहगडवाडीचेच. पाहुण्यांना गड दाखवतो, आणि रोज फोनवर तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळं एकदा लिहून ठेवलंय.

लोहगड किल्ला किती वाजता उघडतो, किती वाजता बंद होतो?

सकाळी ९ ते संध्याकाळी ६, आठवड्याचे सगळे दिवस. पण सहा ही बाहेर पडायची वेळ आहे, आत शिरायची नाही. दरवाज्यांना आता नवी लाकडी दारं बसवली आहेत, अणकुचीदार खिळ्यांची, आणि ती खरोखर लावली जातात. विंचूकाट्यापर्यंत, म्हणजे गडाच्या पश्चिमेच्या लांब सोंडेपर्यंत, जाऊन यायचं असेल तर दुपारी तीनच्या आत पायऱ्यांना लागा. पाच वाजता पायथ्याशी येऊन "पटकन वर जाऊन येतो" म्हणणाऱ्यांना आम्ही चहा पाजतो आणि परत पाठवतो.

लोहगड तिकीट दर

भारतीय पर्यटकांना रोखीने २५ रुपये, ऑनलाइन काढलं तर २० रुपये. परदेशी पाहुण्यांना रोखीने ३०० आणि ऑनलाइन २५० रुपये. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. ऑनलाइन काढणार असाल तर लोणावळ्यातच काढा, वाडीत रेंज येते-जाते. गाडी लावायचे पैसे वेगळे, ते पार्किंगवाल्याला. भाजे लेण्यांचं तिकीटही निराळं आहे, गडाचं तिथे चालत नाही.

गडावर काय चालतं, काय चालत नाही

दारू, सिगरेट, चूल पेटवणं आणि मुक्काम, चारही बंद. पूर्वी ट्रेकर मंडळी लक्ष्मी कोठीत रात्र काढायची, त्यावेळचे ब्लॉग अजून लोक वाचतात आणि स्लीपिंग बॅग घेऊन येतात. आता राहायचं तर खाली वाडीत. ड्रोन आणि तिपाईवरच्या चित्रीकरणाला पुरातत्त्व खात्याची आगाऊ परवानगी लागते; मोबाइलवर फोटो काढायला कुणी अडवत नाही. तटावर, बुरुजावर चढू नका. दगडावर नाव कोरलं तर प्राचीन स्मारक कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. माकडांना खायला देऊ नका. हा कायदा नव्हे, अनुभव आहे: एकदा पिशवी त्यांना ओळखीची झाली की ती तुमची राहत नाही.

लोहगडला जायचं कसं? पुणे, मुंबई, लोणावळ्याहून

रेल्वेने मळवली. पुणे–लोणावळा लोकल इथे थांबते. मुंबईहून येणाऱ्यांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडची लोकल धरावी, कारण एक्सप्रेस मळवलीला थांबत नाहीत. दुपारी लोकलमध्ये मोठा खंड असतो, तेवढं वेळापत्रक पाहून निघा. मळवलीहून एक्सप्रेस वेवरचा पूल ओलांडला की भाजे गाव, तिथून चढ चढत गायमुख खिंडीत. डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड. चालत दीड-दोन तास. रिक्षा किंवा स्वतःची गाडी थेट लोहगडवाडीत येते, पण घाटरस्ता अरुंद आहे आणि मोठी बस वळणावर अडकली की मागच्या सगळ्यांचा दिवस जातो. वाडीतून गडमाथा पायऱ्यांनी पाऊण तास.

पावसाळ्यात लोहगड: शनिवार-रविवार टाळा

गड जून ते सप्टेंबर सगळ्यात देखणा असतो, हे खरं. पायऱ्यांवरून पाणी वाहतं आणि दरवाज्यांत ढग शिरतात. पण २०२३ च्या पावसाळ्यात एका रविवारी याच दरवाज्यांत माणसं तासन् तास अडकून पडली होती. वरचे खाली येईनात, खालचे वर जाईनात. दरवाजे मुळात माणसं अडवायलाच बांधलेले आहेत, ते काम अजून करतात. मंगळवार-बुधवारी या. बूट पकड असलेले घाला, छत्री घरी ठेवून रेनकोट आणा. उन्हाळ्यात येणाऱ्यांनी माणशी दोन लिटर पाणी आणावं.

लोहगडावर बघण्यासारखं काय?

बहुतेक लोक धावत विंचूकाट्याला जातात. आमचं मत विचाराल तर या गडाचा जीव दरवाज्यांत आहे. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, असे चार, एकामागून एक, सापासारख्या वळणात. नारायण दरवाज्यात उभं राहून वर बघा. ज्या वाटेवरून तुम्ही पुढे जाणार ती तुमच्या डोक्यावरच्या तटाला लागून जाते, म्हणजे वरच्याने नुसता धोंडा सोडला तरी पुरे. बाजूलाच भुयारासारखी कोठारं आहेत, तिथे भात आणि नाचणी साठवत. हनुमान दरवाजा चौघांत सर्वात जुना. गणेश दरवाज्याच्या पायात साबळे घराण्यातलं जोडपं बळी दिलं आणि बदल्यात त्यांच्या वंशजांना वाडीची पाटीलकी मिळाली, अशी आख्यायिका आहे.

महादरवाज्यातून आत गेलं की दर्गा, शेजारी सदरेचे अवशेष आणि चुन्याची घाणी. पुढे लक्ष्मी कोठी, महादेवाचं देऊळ आणि नाना फडणविसांनी बांधलेलं सोळा कोनी तळं. पश्चिमेला डोंगराची लांब सोंड निघते, तोच विंचूकाटा. दीड किलोमीटर लांब, तीसेक मीटर रुंद. वरून पाहिलं तर नांगी उगारलेल्या विंचवासारखा. तिथे जाताना एक छोटा कातळटप्पा उतरावा लागतो, ओला असेल तर सोडून द्या. टोकावरून पवना धरण, तुंग आणि तिकोना दिसतात.

लोहगड किल्ल्याचा इतिहास थोडक्यात

गड फार जुना. वाडीच्या बाजूच्या कड्यातल्या गुहेत ब्राह्मी लिपीतला लेख सापडलाय, त्याची सुरुवात अरिहंतांना नमस्काराने होते. पुढे निजामशाही, आदिलशाही. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी लोहगड स्वराज्यात आणला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये परत घेतला. सुरतेहून आणलेली संपत्ती काही काळ इथे ठेवल्याचं सांगतात.

१७१३ मध्ये शाहू महाराजांनी गड कान्होजी आंग्र्यांना दिला, १७२० मध्ये तो पेशव्यांकडे आला. आज जो लोहगड दिसतो तो बराचसा नाना फडणविसांचा. १७८९ च्या सुमारास त्यांनी इथे मोठं बांधकाम काढलं, शिलालेखही आहे. मार्च १८१८ मध्ये इंग्रज आले ते लोहगडावर नव्हे, शेजारच्या विसापुरावर. विसापूर उंचीने जास्त, तिथे तोफा चढल्या की लोहगड खाली उघडा पडतो. ४ मार्चला विसापूर गेला आणि दुसऱ्या दिवशी लोहगड न लढता सोडावा लागला. चार दरवाज्यांची एवढी शर्थ, पण शत्रू त्यांच्यापर्यंत आलाच नाही. गायमुख खिंडीत उभं राहून दोन्ही गडांकडे आळीपाळीने बघितलं की हे पुस्तकाविना कळतं.

जेवण, स्वच्छतागृह, मार्गदर्शक

वर खाण्याची सोय नाही, स्वच्छतागृह खालीच वापरून घ्या. वाडीत घरोघरी पिठलं-भाकरी, ठेचा, भजी मिळतात. वर जातानाच किती माणसं ते सांगून ठेवा, म्हणजे उतरेपर्यंत भाकऱ्या तव्यावर असतील. मार्गदर्शक हवा असेल तर पायऱ्यांच्या सुरुवातीला विचारा, पैसे चढायच्या आधी ठरवा.