घराचे तीन कोटेशन: रविवारी बसण्याआधी वाचून घ्या

आई-बाबा, दादा, काका,

तिन्ही कागद एकाच मापात आणले आहेत: आपलं ७०० चौ. फुटांचं घर, सहा फूट पाया, मुरूम भरणी, सेप्टिक टँक आणि वरची टाकी धरून.

| | गावचे मिस्त्री | दारव्ह्याचे ठेकेदार | यवतमाळचे ठेकेदार |
|---|---|---|---|
| कागदावरचा दर | २८० (फक्त मजुरी) | १,४५० | १,६९० |
| मूळ रक्कम | १,९६,००० | ११,७४,५०० | ११,८३,००० |
| वरचा खर्च | ९,५७,४०० | १,१५,००० | २,१२,९४० |
| हातात येणारा आकडा | ११,५३,४०० | १२,८९,५०० | १३,९५,९४० |

दारव्ह्याचा १,४५० हा दर फसवा आहे. त्यांनी स्लॅबचं माप धरलंय, म्हणजे छज्जा आणि पोर्च मिळून ८१० फूट. आपल्या ७०० फुटांवर तोच दर १,६७८ पडतो, यवतमाळपेक्षा फक्त बारा रुपये कमी! त्यात पाया चारच फूट. आपली जमीन काळी, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. चार फुटांवर मुरूम लागला नाही तर पुढचं खोदकाम 'एक्स्ट्रा'. ते दोन फूट ३८,००० आणि भरणी, सेप्टिक, टाकीचे ७७,००० मी वर धरलेत. जीएसटीबद्दल मात्र त्यांचा कागद गप्प आहे. १८ टक्के मूळ रकमेवर लागला तर आणखी २,११,४१० जातील आणि हेच तिघांत सगळ्यात महाग ठरतील.

यवतमाळवाल्यांनी जीएसटी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात टाकलाय, पण टाकलाय. पाया, भरणी, सेप्टिक, टाकी सगळं दरात आहे. टाइल्स मात्र फुटाला ४० रुपयांपर्यंतच. आईला आवडलेल्या त्यात बसणार नाहीत. लोखंडाचा भाव वाढला तर फरक आपण द्यायचा, ही अट मला खटकते.

मिस्त्रींचं काम काकांना पसंत आहे आणि हात चांगलाच आहे. पण सेंटरिंगचे ३२,४०० वेगळे. सिमेंट, रेती, गिट्टी, लोखंड, विटा, फिटिंग मिळून ८,१०,००० हा माझा अंदाज, त्यावर पाया-सेप्टिकचे तेच १,१५,०००. रेतीचा भाव महिन्यात बदलतो, म्हणून हा आकडा सगळ्यात कच्चा. शिवाय ट्रॉली उतरवून घ्यायला, पाणी मारायला रोज घरचं माणूस हवं. कापूस वेचणीत बाबांनी वावर सोडून तिथे उभं राहायचं का?

माझं मत यवतमाळकडे आहे, पण लोखंडाची अट काढली तरच. दारव्ह्याकडून कर धरून, ७०० फुटांवर, सहा फूट पायासकट एकच आकडा लेखी मागू. तो १३ लाखांच्या आत आला तर त्यांना द्यायला माझी हरकत नाही. दोघांपैकी कोणीही असो, पैसे प्लिंथ, स्लॅब, प्लास्टर अशा टप्प्यांवर द्यायचे आणि शेवटचे दहा टक्के पहिला पाऊस गच्चीवर पडून गेल्यावर.

तोवर मिस्त्रींना कोणी होकार देऊ नका. काका, हे तुम्हालाच.