आज सुट्टी तुझी, ड्युटी माझी

सकाळी 8:05
उठ की, डॉक्टर! परवा मेसमध्ये कडक भाकरी मोडत तू म्हणालास, "तुमच्या सोलापुरात ऊन आणि धूळ सोडून आहे काय?" मी गप्प बसून ताक प्यायले. उत्तर तोंडी द्यायचं नव्हतं. ते गावभर ठेवलंय. गाडीत पेट्रोल बघ आणि निघ.

8:07
नियम ऐक. गाडी चालवताना फोन खिशात. जागा सापडली की फोटो पाठवायचा, मगच पुढचा मेसेज येईल. वाटेत तीन अक्षरं मिळतील, जपून ठेव, शेवटी लागणार आहेत. हिंट फुकट नाही. एका हिंटला एक सेल्फी, आणि केस न विंचरता.
सिव्हिलमधून फोन आला तर सरळ जा, खेळ कुठं पळून जात नाही. आणि मध्येच नको वाटलं तर "बास" एवढंच लिही. मी रुसणार नाही आणि संध्याकाळचा आपला चहाही चुकणार नाही.

8:10
पहिलं कोडं.

सोलापूरचा डॉक्टर गेला सातासमुद्रापार,
जखमी शिवता शिवता झाला स्वतःच घायाळ फार.

त्याचं घर एका चौकात आहे. स्टेशनच्या बाजूला. त्या चौकाचं नाव घेतलं की मी तुला भाऊ म्हणून हाक मारतेय असं वाटेल. तसं अजिबात नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

8:14
सेल्फी मिळाला. उशीची घडी गालावर उमटलीय. फोटो सेव्ह केला, परत मिळणार नाही.
हिंट: तुमच्या नाशिकात भावाला दादा म्हणतात. हिंदीत काय म्हणतात?

8:46
भैय्या चौक! बरोब्बर.
आता गाडी स्टँडवर लाव आणि दोन मिनिटं या घराकडे बघत उभा राहा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. 1910 साली सोलापुरात जन्म. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात हे होते. युद्ध चालू, औषधं कमी, जखमी रांगेनं. बाकीचे परत आले, हे तिथंच राहिले. तिथं परिचारिकांना शिकवणारी क्वो छिंगलान त्यांना भेटली. 1941 मध्ये लग्न केलं, मुलाचं नाव यिन्हुआ ठेवलं आणि त्या एका नावात भारत आणि चीन दोन्ही बसवले. 1942 च्या डिसेंबरात ते गेले. वय अवघं बत्तीस. तू नाइट करून आलास की डोळे लाल असतात ना, तेव्हा मला दर वेळी हा माणूस आठवतो आणि तू जेवलास का हे विचारावंसं वाटतं. म्हणून विचारते. उगाच नाही.

8:49
असो. मुद्दा असा की सोलापूरचा डॉक्टर परमुलखात गेला आणि तिथल्या मुलीत गुंतला. आता परगावचा डॉक्टर सोलापुरात आलाय. पुढचं तूच मांड, माझ्याकडून उत्तर फोडून घेऊ नको.
पहिलं अक्षर: "द्वारकानाथ" मधलं दुसरं.

8:51
आता पार्ककडे. चौघं जण उभे आहेत तिथं जा. गावात कुणालाही विचार, "चार पुतळा कुठं?" लहान पोरगंही सांगेल.

9:12
इथं कोडं नाही आणि चेष्टाही नाही. हात जोड.
1930 च्या मे महिन्यात या गावानं इंग्रजांचा अंमल झुगारून काही दिवस आपला कारभार आपण पाहिला. मग मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात चौघांना फाशी दिली. आडनावं परत एकदा वाच, आमचं गाव त्यात पूर्ण येतं. ही जागा दाखवल्याशिवाय मी तुला सोलापूर दाखवलं असं मला म्हणवत नाही.
दुसरं अक्षर: "हुतात्मा" मधलं पहिलं.

9:20
चल, आता नव्या पेठेत. दुकानं उघडेस्तोवर चहा मार. कोडं कपात विरघळू देऊ नको.

मातीत वाढली, भट्टीत भाजली, साल टाकून गोरी झाली,
लसणाशी जमली, तिखटात रंगली, कुटता कुटता लाल झाली.

9:22
हिंटशिवाय ओळखलंस? एवढं पटकन? हं, म्हणजे चव लागलीय.
शेंगाचटणीच. पाव किलो घे. दुकानदार चिमूटभर हातावर देतो, ती घे. बोटानं दाबून बघ, तेल सुटलं पाहिजे. मिक्सरमधून काढलेली भुकटी असते, कुटलेलीचा गोळा होतो. हा फरक तुला आता आयुष्यभर कळणार.
आणि कोरडी खाऊ नको रे. मागं मेसमध्ये दह्याशिवाय खाल्लीस, डोळ्यांतून पाणी आलं, मी तांब्या पुढं केला. तू तांब्या हातात घेतलास आणि पाणी प्यायचं सोडून माझ्याकडेच बघत राहिलास. मेसवाल्या काकूंनीसुद्धा पाहिलं. त्या दिवशी मी घरी जाताना गाडी सातरस्त्याला चुकीच्या रस्त्यावर घातली.

10:18
फोटोत अर्धा किलो दिसतंय! पाव सांगितलं होतं. दुसरा पाव कुणासाठी, ते मी विचारत नाही. तू सांगशील.
इथं अक्षर नाही. इथं चव होती.

10:20
होम मैदान. मोठ्ठा पाळणा दिसेल, त्याच्यासमोर उभा राहा. सकाळी तो थांबलेला असतो, रात्री दिव्यांनी पेटतो आणि अख्खं सोलापूर तिथं लोटतं. चालू असला तरी एकटा बसू नको. बाजूची जागा माझी आहे, आत्ताच रुमाल टाकून ठेवलाय समज.
तिसरं अक्षर: संक्रांतीच्या या यात्रेला आम्ही ज्या नावानं ओळखतो, त्यातलं शेवटचं. जोडाक्षर आहे, त्यातला एक "ड" गाळून टाक. दोन झेपायचे नाहीत तुला.

10:41
गड्डा! बरोबर. तीन अक्षरं झाली. क्रम मुद्दाम उलटसुलट दिलाय. जुळव आणि शब्द मनात ठेव, कुणाला सांगू नको. थंडीत शेतात बसून खातात, एवढं पुरे.

10:43
शेवटचं कोडं. हे मी रात्री जागून लिहिलंय, नीट वाच.

पाण्यात बसलाय योगी, काठावर जमतो गाव,
काठीला बांधतात बाशिंग, सांग त्या कट्ट्याचं नाव.

10:50
मंदिर नव्हे, राजा. मंदिर बरोबर आहे पण कट्टा विचारलाय. देवदर्शन घे, घाई नाही. किल्ल्याचा तट आणि तळ्याचं पाणी एका नजरेत येतं अशी जागा आहे तिथं, थोडा थांब.
हिंट हवी? भाव तोच.

10:53
हा सेल्फी सगळ्यात छान आलाय. मागं तळं आहे म्हणून नाही.
हिंट: लग्न ठरवायच्या आधी दोघांची काय घेतात?

11:04
होय! संमती कट्टा.
आता बस तिथं आणि गोष्ट ऐक. बाराव्या शतकातली. सिद्धरामेश्वरांच्या दारात एक कुंभाराची मुलगी रोज सडा घालून रांगोळी काढायची. तिच्या मनानं घेतलं, लग्न करीन तर यांच्याशीच. आणि तिनं तसं सांगितलं. ते योगी. ते म्हणाले, माझ्याशी नाही, माझ्या योगदंडाशी कर. ते लग्न अजून दर संक्रांतीला याच कट्ट्यावर लागतं. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं उंच उंच नंदीध्वज अंगाखांद्यावर पेलत येतात, "सत्यम् सत्यम् दिड्डम् दिड्डम्" ऐकू आलं की हजारो हातांतून अक्षता उडतात. तू तेव्हा कॅज्युअल्टीत होतास. मी इथं उभी होते, मुठीत अक्षता घेऊन, आणि त्या मुलीचाच विचार करत होते. निरोप्या नाही, मध्यस्थ नाही. तिनं स्वतः विचारलं. तिला पाहिजे ते मिळालं नाही, तरी गाव तिचं लग्न आजही लावतंय.
मी त्याच गावची आहे.

11:07
कट्ट्यापासून बाहेर येताना हार-फुलांची पाटी घेऊन बसलेल्या मावशी आहेत, हिरवं लुगडं. त्यांना तीन अक्षरांचा शब्द सांग. चुकलास तर त्या फक्त झेंडूचा हार देतील. बरोबर आलास तर हसतील आणि पाटीखालून पुडकं काढतील. त्यांना सगळं माहीत आहे, मी लहान असल्यापासून त्या मला ओळखतात.

(पुडक्यातली चिठ्ठी)

दोरा तोडू नको, गाठ सोड.
ही चादर दुकानात मिळणार नाही. कारखान्यात नवीन नक्षी मागावर चढवायच्या आधी नमुना विणतात, तो हा. ग्राफवर एक एक चौकोन मी भरलाय. मधलं चौकट-फुलांचं काम नेहमीचंच आहे, ते सोड. उजवा खालचा कोपरा बघ. दोन कप आहेत. एकाचा कान तुटलाय. मेसमधला तुझा कप, जो तू कुणाला बदलू देत नाहीस.
आता उलटी कर. सोलापुरी चादरीला वाईट बाजू नसते. एकीकडे लाल जमिनीवर पांढरे कप, दुसरीकडे पांढऱ्या जमिनीवर लाल. तुझ्या खोलीत ते पातळ ब्लँकेट आहे ना, पाय झाकले की खांदे उघडे पडतात म्हणालास, ते आता पायपुसणं कर.
आणि आता माझा प्रश्न. पुढच्या सुट्टीला मामाच्या शेतावर येशील? ज्वारी हुरड्यात आलीय. आगटीत कणसं भाजायची, हातावर चोळायची, गरम गरम खायची. घरचे सगळे असतील, पण तुझ्या शेजारी मी बसणार. मित्र म्हणून बोलावत नाहीये. तू मला आवडतोस, खूप आवडतोस, आणि ते मी तुला या कट्ट्यावरच सांगायचं ठरवलं होतं.
हो असेल तर चादर खांद्यावर टाक, लाल बाजू वर. नाही असेल तर पांढरी वर. पांढरी दिसली तरी मी येऊन तुझ्यासोबत चहा पिईन, आणि चादर तुझीच.
घाईनं ठरवू नको. मी मंदिराच्या वाटेवर उभी आहे, पिवळ्या ओढणीत. तुला दिसणार नाही, मला तू दिसतोस.

11:21
घडी करत बसलायस? अंगावर टाक की!

11:22
लाल.

11:22
लाल! डॉक्टर, लाल बाजू वर आहे, बरोबर बघतेय ना मी? मावशी तिकडून टाळ्या वाजवतायत.

11:23
हलू नको, मीच येते. आणि अर्ध्या किलोचं उत्तर आता तोंडी दे. दही मी आणलंय.