बिलाचं डिझाइन बघितलं, टोटल एकच ठेव

भावा, तू पाठवलेलं बिल काल रात्री दुकानातल्या प्रिंटरवर चार वेळा काढून बघितलं. मेहनत दिसतीय खरं हे आमच्या बेळगाव-शहापूरच्या मिठाईच्या काउंटरवर चालणार नाही, का ते सांगतो.

पहिली गोष्ट, तू हे ८० एमएमच्या कागदाच्या हिशोबानं मांडलायस, तिथं ओळीत ४८ अक्षरं बसतात. आमचा ५८ एमएमचा, छापायची जागा ४८ एमएम म्हणजे ३८४ डॉट, साध्या फाँटात ३२ अक्षरं, बस. ३३वं आलं की खालच्या ओळीत पडतं. आणि नेमकं टोटलचंच तसं झालंय बघ, तू ते दुप्पट रुंद केलंस म्हणजे ओळीत १६च अक्षरं उरली, आणि तुझी ओळ `TOTAL Rs.1,176.00` ही १७ अक्षरांची. शेवटचं शून्य खाली एकटंच पडलं. गिऱ्हाईक ते बघून विचारतंय हे काय आणि. त्यापेक्षा फक्त उंची दुप्पट कर, रुंदी आहे तशीच ठेव, म्हणजे ३२ अक्षरं तशीच राहतात आणि आकडा लांबून दिसतो. आणि पैसे राउंड करून टाक, `.00` कुणाला पाहिजे.

दुसरं, आणि हे मला सगळ्यात जास्त खटकलं, खाली सब टोटल, टोटल, नेट, ग्रँड टोटल असे चार आकडे एकाच साइजमध्ये एकाखाली एक. काल एक आजी पिशवीतनं पैसे काढून बिलावर बोट फिरवत बसल्या, 'नेमकं किती द्यायचं रे बाळा' म्हणून दोनदा विचारलं. करदंट घ्यायला येणारं निम्मं गिऱ्हाईक कन्नड बोलणारं, त्यांना आकडाच वाचायचा असतो, शब्द नाही. म्हणून द्यायची रक्कम एकच, ती सगळ्यात मोठी, ठळक, उजव्या कडेला. टॅक्सच्या आधीची रक्कम आणि सीजीएसटी-एसजीएसटी लागतंयच, ते बारीक राहू दे, आणि दोन्ही टॅक्स एकाच ओळीत बसतात, मी मोजून बघितलं. हे बघ:

```
KUNDA       0.500  480    240.00
KARADANT    1.000  560    560.00
PEDHA       0.250  320     80.00
LADU        0.500  480    240.00
--------------------------------
TAXABLE                  1120.00
CGST2.5% 28.00    SGST2.5% 28.00
TOTAL                    Rs 1176
```

एका मालाला एकच ओळ. तू नाव एका ओळीत, किलो-दर दुसऱ्या ओळीत आणि मग एक रिकामी ओळ अशा तीन ओळी घातल्यास, चार मालाला बारा ओळी झाल्या की. आडव्या रेघा सात होत्या, मी एक ठेवली.

टोटलच्या ओळीआधी प्रिंटरला खालची पहिली ओळ पाठव, आणि नंतर दुसरी पाठवून परत साधं करायला विसरू नको, नाहीतर पुढचं बिल सगळं मोठं येतंय:

```
1B 45 01 1D 21 01
1D 21 00 1B 45 00
```

बाकी ठिकाणचं रुपयाचं चिन्ह काढ, आमच्या प्रिंटरला ते येत नाही, जागेवर प्रश्नचिन्ह छापतोय. `Rs` लिही.

आता वरचा लोगो. अडीच सेंटीमीटर उंच, त्यात करडी छटा. थर्मलला करडा रंग नसतोच, एकतर काळा ठिपका नाहीतर कोरा कागद, म्हणून सगळं डाग पडल्यासारखं दिसतंय. आणि ती काळी पट्टी पांढऱ्या अक्षरांची, तिथं सगळे डॉट एकदम तापवायला लागतात, प्रिंटर अडखळतो आणि अक्षरांच्या कडा भरून जातात. दुकानाचं नाव मराठीत पाहिजेच, बाबांचा हट्ट आहे आणि मलाबी पाहिजे, तेवढं एक पातळ चित्र करून छाप, फक्त काळं-पांढरं. बाकी अख्खं बिल चित्र करून पाठवू नको, दिवाळीच्या गर्दीत एकेका बिलाला थांबून चालत नाही. पत्ता एका ओळीत, `GSTIN` एका ओळीत, बिल नंबर आणि तारीख एकत्र एका ओळीत.

खाली 'धन्यवाद, पुन्हा या' च्या आधी तीन आणि नंतर सहा रिकाम्या ओळी कशाला? आमच्या प्रिंटरला कटर नाही, हातानं फाडतो, त्यामुळं टोटल दातरीच्या वर यायला चारेक ओळी कागद सरकवायला लागतोच, त्या राहू देत. धन्यवाद आम्ही तोंडानं म्हणतो.

पट्टी लावून मोजलं, तुझं बिल १९ सेंटीमीटर, माझं साडेसातच्या आत. आमचा रोल १५ मीटरचा, म्हणजे ७८ बिलांच्या जागी २०० निघतात, आणि गर्दीत मधेच रोल बदलायला लागत नाही.

एक विचारायचं राहिलं, `KARADANT` पेक्षा लांब नावं आली, समजा काजू-बदाम मिक्स काहीतरी, तर ११ अक्षरांवर तोडतोयस का? तोडूनच टाक, खाली ओळ नको. आणि आकडा एक लाखावर गेला तरी उजवी कड हलता कामा नये, हे एकदा करून बघ. नवीन फाइल पाठवलीस की मी उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी काढून फोटो टाकतो.