कु. मुक्ता शेटे, इयत्ता पहिली : भेटीची तारीख आणि सोबत आणायची कागदपत्रे

सोलापूर,
३ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
प्राथमिक विभाग,
कोथरूड, पुणे

विषय : प्रवेश अर्ज क्र. ११७ (शैक्षणिक वर्ष २०२६-२७)

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी मुक्ता हिच्या पहिलीच्या प्रवेशासाठी आपण आम्हाला शनिवार, १४ फेब्रुवारी रोजी भेटीला बोलावले आहे. त्या दिवशी आम्ही नक्की येत आहोत. वेळेबद्दल मात्र एकदा खात्री करून घ्यायची आहे. मोबाइलवर आलेल्या मेसेजमध्ये सकाळी ११ ची वेळ आहे आणि शाळेच्या फलकावरील यादीत आमच्या नावापुढे १०.३० लिहिले आहे. मुक्ताचे बाबा परवा शाळेत येऊन यादीचा फोटो काढून घेऊन गेले, तेव्हा हे लक्षात आले. सोलापूरहून सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघून १०.३० ला कोथरूडला पोहोचणे शक्य नाही, म्हणून आम्ही शुक्रवारी रात्रीच पुण्यात मुक्कामाला येत आहोत. दोन्हींपैकी कोणतीही वेळ चालेल, फक्त नेमकी कोणती ते कळवावे.

मुक्ताचे बाबा डिसेंबरपासून नोकरीनिमित्त पुण्यात आहेत. मी आणि मुक्ता मात्र तिची बालवाडी संपेपर्यंत सोलापुरातच राहणार. त्यामुळे कागदपत्रांच्या काही अडचणी आहेत. आधीच विचारलेले बरे, कारण एखादा कागद ऐनवेळी लागला तर तो सोलापूरच्या घरातून आणायला कोणी नसेल.

सर्वांत आधी जन्मदाखला. माझे माहेर विजापूरचे. मुक्ता तिथेच ९ ऑगस्ट २०२० रोजी जन्मली. दाखला कर्नाटकातला आहे, म्हणजे कन्नड आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. त्यावर तिचे नाव नुसते 'मुक्ता' असे आहे. वडिलांचे नाव खाली वेगळ्या रकान्यात आहे, आडनाव कुठेच नाही. आधारकार्डावर मात्र 'मुक्ता नितीन शेटे' असे पूर्ण नाव आहे. आपल्याला एवढे चालेल, की मराठी भाषांतर किंवा नावाबद्दल प्रतिज्ञापत्र लागेल? पुढे दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत शाळेच्या रजिस्टरमधलेच नाव चालत जाते, म्हणून पहिल्याच नोंदीत ते बरोबर लागावे अशी आमची इच्छा आहे. वयाचा प्रश्न नसावा. ३१ डिसेंबर २०२६ रोजी तिला सहा वर्षे पूर्ण होऊन चार महिने उलटलेले असतील.

दुसरे, राहण्याचा पुरावा. आमच्या तिघांच्याही आधारकार्डांवर सोलापूरचा पत्ता आहे. पुण्यात आम्ही वारज्यात भाड्याने घर घेतले आहे. त्याचा ११ महिन्यांचा नोंदणी केलेला भाडेकरार आहे, पण वीजबिल घरमालकांच्या नावावर येते. करारासोबत ते बिल जोडले तर पुरेल का? बँकेत पत्ता बदलून घेतला आहे, तेव्हा पासबुकही आणता येईल.

बालवाडीचा शाळा सोडल्याचा दाखला एप्रिलच्या शेवटी मिळेल. तोपर्यंत बोनाफाईड आणि या वर्षीचे प्रगतिपत्रक आणते. लसीकरणाचे कार्ड आहे. फोटो मुलीचेच हवेत की आई-वडिलांचेही, आणि किती? झेरॉक्सवर आम्हीच सही करून आणायची, की मूळ कागद पाहून कार्यालयात शिक्का मारतात? त्याच दिवशी काही शुल्क भरायचे असेल तर तेही सांगावे.

आता जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते लिहिते. अर्जात त्यासाठी एकच ओळ होती, त्यात मावले नाही.

मुक्ताला दोन्ही कानांनी कमी ऐकू येते, साधारण ६५ डेसिबलचा दोष आहे. अडीच वर्षांची असल्यापासून ती दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावते आणि वाचा-उपचाराला जाते. तपासणी मुंबईच्या अली यावर जंग संस्थेत झाली होती. त्याचा ऑडिओग्राम आणि तिचे यूडीआयडी कार्ड आम्ही घेऊन येऊ. ती छान बोलते. गोष्ट सांगायला बसली की मध्येच थांबवता येत नाही. पण नवीन माणसासमोर, नवीन खोलीत तिची एक सवय घात करते. नीट ऐकू आले नाही तरी ती 'काय?' असे विचारत नाही. हसते आणि मान डोलावते. समोरच्याला वाटते मुलीला समजले, किंवा समजूनही उत्तर येत नाही. खरे तर प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. 'साप' आणि 'ताप' तिला सारखेच ऐकू येतात. तेच 'बिळातून साप आला' म्हटले की लगेच कळते. सुटा शब्द विचारण्यापेक्षा पूर्ण वाक्यात विचारले तर ती पटकन उत्तर देते.

म्हणून एक विनंती. भेट घेणाऱ्या बाई तिच्यासमोर, तिला ओठ दिसतील अशा बसल्या तर फार बरे होईल. त्यांच्या पाठीमागे खिडकी नसावी, कारण उजेड डोळ्यांवर आला की तिला चेहरा दिसत नाही. डोक्यावरचा पंखा बंद ठेवता आला तर ठेवावा. श्रवणयंत्र बोलणे मोठे करते तसा पंख्याचा घरघराटही मोठा करते, आणि त्यात शब्द हरवतो. बाकी काहीही वेगळे नको. प्रश्न इतर मुलांना विचाराल तेच विचारा.

शाळेच्या माहितीपत्रकात लिहिले आहे की ही मुलाची परीक्षा नाही, ओळखभेट आहे. शिक्षण हक्क कायद्यानेही प्रवेशासाठी मुलांची चाळणी करू नये असेच सांगितले आहे, पण ते शाळेने स्वतःहून छापलेले वाचले तेव्हा मनावरचे ओझे उतरले. अर्ज मराठी माध्यमात करण्यामागेही विचार आहे. घरात, आजीशी, वाचा-उपचारात मुक्ता जी भाषा ऐकते तीच वर्गात मिळाली तर ऐकण्याचे तिचे अर्धे कष्ट वाचतील. मुलाला आधीच ऐकायला धडपडावे लागत असेल तर शिकण्याची भाषा तरी ओळखीची असावी, असे मला मनापासून वाटते.

मुक्ता आत जाईल तेव्हा आम्ही दोघांनी सोबत बसायचे की बाहेर थांबायचे? बाहेर थांबायचे असेल तर हरकत नाही, ती रडणार नाही. फक्त यंत्राचा सेल मध्येच संपला तर ती कानावर बोट ठेवून दाखवते, तेव्हा मला हाक मारावी. जादा सेल माझ्याजवळ असतील, बदलायला मिनिटही लागत नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारीपर्यंत उत्तर मिळाले तर प्रतिज्ञापत्र वगैरे करायचे असल्यास सोलापुरातच करून घेता येईल. उत्तर याच ईमेलवर द्यावे किंवा अर्जातील माझ्या नंबरवर फोन करावा. मी दुपारी २ नंतर कधीही फोन घेऊ शकते.

आपली नम्र,
सौ. स्मिता नितीन शेटे
(कु. मुक्ताची आई)

सोबत : मेसेजचा आणि फलकावरील यादीचा फोटो, जन्मदाखल्याची प्रत, ऑडिओग्रामची प्रत