महानुभाव पंथाच्या तीन मठांतील २१२ पोथ्यांचे मठातच डिजिटायझेशन. पोथ्यांची मालकी व ताबा मठांकडेच

प्रसिद्धीपत्रक
तत्काळ प्रसिद्धीसाठी
विद्यापीठ जनसंपर्क कक्ष, सोमवार, १२ जानेवारी २०२६

महानुभाव पंथाच्या विदर्भ आणि मराठवाड्यातील तीन मठांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या २१२ हस्तलिखित पोथ्यांची छायाचित्रे घेऊन त्यांच्या डिजिटल प्रती तयार करण्याचे काम विद्यापीठाचा मराठी विभाग आणि ग्रंथालय २ फेब्रुवारीपासून हाती घेत आहेत. पानांची संख्या अंदाजे ३८ हजार असून काम १८ महिने चालेल. विद्यापीठाच्या स्वनिधीतून त्यासाठी ४६ लाख रुपये मंजूर झाले आहेत. एकही पोथी मठाबाहेर नेली जाणार नाही. कॅमेरे, दिवे आणि माणसे मठात जातील.

प्रकल्पात लीळाचरित्र, सूत्रपाठ, दृष्टांतपाठ, स्मृतिस्थळ आणि स्थानपोथी या गद्य ग्रंथांच्या प्रती आहेत. पंथात ‘साती ग्रंथ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सात काव्यांपैकी शिशुपाळवध, रुक्मिणीस्वयंवर, वछाहरण आणि ऋद्धिपूरवर्णन यांच्याही प्रती आहेत. महदाइसेच्या धवळ्यांच्या दोन प्रती आहेत. शिवाय टीका, टीपग्रंथ आणि शिष्यांनी अभ्यासासाठी लिहून घेतलेल्या वह्याही मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्याकडे अभ्यासकांचे आजवर फारसे लक्ष गेलेले नाही. शिकणारा माणूस कुठे अडला आणि गुरूंनी कुठला अर्थ सांगितला, हे याच वह्यांच्या समासात सापडते.

म्हाइंभटांनी संकलित केलेले लीळाचरित्र हा मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ मानला जातो. त्याचा रचनाकाळ सामान्यतः शके १२००, म्हणजे इ.स. १२७८ च्या सुमाराचा धरतात. पंथाचे प्रवर्तक सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या, त्यांना गाठून, पंथाचे पहिले आचार्य नागदेवाचार्य यांच्याशी पडताळून म्हाइंभटांनी त्या लिहिल्या. मूळ प्रत पुढे धाडीच्या काळात हरवली आणि हिराइसेसारख्या शिष्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, असे पंथाची परंपरा सांगते. म्हणूनच एकाच लीळेचे पाठ प्रतीप्रतीत वेगळे दिसतात. एकच ‘चांगली’ प्रत निवडून तिचे फोटो काढले तर हा सगळा इतिहास बाजूला पडेल. तीन मठांत मिळून लीळाचरित्राच्या पूर्ण-अपूर्ण १९ प्रती आहेत. त्या सर्वांचे पान न पान घेतले जाईल. कोरी पाने, बांधणी आणि बासनावरच्या नोंदीही त्यात येतील.

डिसेंबरमध्ये एका मठात आठ दिवसांची चाचणी झाली. ११ पोथ्यांची १,९४० पाने घेण्यात आली. दिवसाला चारशे पाने होतील असा विभागाचा कागदावरचा हिशेब होता, प्रत्यक्षात अडीचशेच्या आसपासच झाली. पहिले कारण मठाची दिनचर्या: सकाळची पूजा आणि सायंकाळचे पारायण यांच्या मधल्या वेळेतच काम करायचे ठरले होते. दुसरे कारण पोथ्यांची अवस्था. शिवलेल्या पोथ्या पूर्ण उघडल्या की शिवण सुटते, त्यामुळे शंभर अंशांपेक्षा जास्त उघडायच्या नाहीत, असा नियम पहिल्याच दिवशी करावा लागला. त्यासाठी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा लाकडी पाळणा वापरला जातो आणि कॅमेरे दोन बाजूंनी तिरके लावले जातात. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून मला जपा, अशी विनवणी जुने लेखक पोथीच्या शेवटी करीत आले आहेत. छायाचित्रण पथकाने ती पाळण्याच्या फळीवर लिहून ठेवली आहे.

चुकलेले अक्षर झाकण्यासाठी जुने लेखक हरताळ हे पिवळे खनिज लावत. हरताळात आर्सेनिक असते. पिवळे ठिपके असलेल्या पानांना हात लावताना हातमोजे आणि मुखपट्टी बंधनकारक आहे. इतर पाने स्वच्छ धुतलेल्या, कोरड्या हातांनी हाताळली जातील, कारण मोज्यांनी पानाच्या कडेचा अंदाज येत नाही आणि जीर्ण कागद फाटतो. फ्लॅश कुठेही वापरला जाणार नाही. अहिंसेचा आचार लक्षात घेऊन पोथीजवळ चामड्याचे पट्टे, पाकिटे, कॅमेऱ्याच्या पिशव्या नेऊ नयेत, ही सूचना मठांकडून आली आणि ती कार्यपद्धतीत लेखी घेतली आहे. पोथी उघडण्यापूर्वी दंडवत घालायचा की नाही हे पथकातील ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडले आहे. पोथी जमिनीवर मात्र कोणीही ठेवणार नाही.

तिन्ही मठांशी झालेला करार मराठीत आहे. सह्या होण्यापूर्वी तो महंत, ज्येष्ठ तपस्विनी आणि विश्वस्त यांच्यासमोर संपूर्ण वाचून दाखवण्यात आला. एका मठात हे वाचन दोन बैठका चालले आणि चार कलमे बदलली. करारानुसार पोथी आणि तिची छायाचित्रे या दोन्हींवर मठाचा अधिकार राहील. पहिली पूर्ण प्रत मठाला मिळेल, त्यानंतरच विद्यापीठाच्या दोन वेगवेगळ्या इमारतींत प्रत्येकी एक प्रत ठेवली जाईल. कोणती पोथी सर्वांसाठी खुली, कोणती अभ्यासकाने लेखी विनंती केल्यावर आणि कोणती फक्त मठात पाहता येईल, हे मठच ठरवील. तो निर्णय मठाला नंतर बदलताही येईल. पंथात काही ग्रंथांचे अध्ययन उपदेश घेतलेल्यांनी, अधिकारानुसार, गुरुमुखातून करावे अशी रीत आहे. तिचा मान राखणे ही या प्रकल्पाची पूर्वअट होती. सध्या २१२ पैकी १३७ पोथ्या सर्वांसाठी खुल्या करण्यास संमती आहे, ५४ विनंतीवरून मिळतील आणि २१ मठापुरत्या राहतील. या २१ पोथ्यांची यादीही प्रसिद्ध होणार नाही.

सहभागी मठांची नावे आणि गावे या पत्रकात दिलेली नाहीत. चोरीचा धोका लक्षात घेऊन मठांनी तशी विनंती केली आहे. ज्या मठाला स्वतःहून माध्यमांशी बोलायचे असेल तो बोलेल. एका मठाच्या महंतांनी विद्यापीठामार्फत इतकेच कळवले आहे, की पोथ्या त्यांच्या गुरूंनी पुराच्या वर्षी डोक्यावरून वाहून वरच्या मजल्यावर नेल्या होत्या, आणि यापुढे असा पूर आला तर निदान अक्षरे तरी वाचतील, एवढ्याच हेतूने त्यांनी होकार दिला.

बातमी लिहिताना

पत्रकार मित्रांना काही गोष्टी आधीच स्पष्ट केलेल्या बऱ्या. यापूर्वीच्या एका छोट्या प्रकल्पाच्या वेळी ‘अज्ञात खजिना सापडला’ असा मथळा आला होता आणि संबंधित मठाला तो मनाला लागला. या पोथ्या हरवल्या नव्हत्या, त्यामुळे सापडलेल्याही नाहीत. त्या रोज वाचल्या जातात. ‘सांभाळलेल्या’ हा शब्द वस्तुस्थितीला धरून आहे.

ग्रंथाचे वय आणि प्रतीचे वय यांत गल्लत होऊ नये. ‘तेराव्या शतकातील हस्तलिखित’ असे या २१२ पैकी एकाही पोथीबद्दल म्हणता येणार नाही. ‘तेराव्या शतकातील ग्रंथाची नंतरची प्रत’ असे म्हणता येईल. चाचणीत घेतलेल्या लीळाचरित्राच्या एका प्रतीच्या शेवटी ‘शके १५६७ पार्थिव नाम संवत्सरे माघ वद्य’ अशी नोंद आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौषाच्या सुमारास इंग्रजी वर्ष बदलते, म्हणून माघातल्या या नोंदीसाठी ७९ मिळवायचे: इ.स. १६४६. संवत्सराचे नावही शकाशी जुळते, त्यामुळे ही नोंद विश्वासार्ह वाटते. तरीही लेखक कधी कधी समोरच्या जुन्या प्रतीतली तारीख जशीच्या तशी उतरवत, म्हणून कागद आणि अक्षरवळण तपासल्याशिवाय विभाग ‘१६४६ ची प्रत’ असे म्हणणार नाही. बातमीत ‘शके १५६७ ची नोंद असलेली प्रत’ असे लिहावे, ही विनंती.

२१२ पैकी ६८ पोथ्या सकळ लिपीत आहेत, काही थोड्या सुंदरी लिपीत. सकळ लिपी रवळोबासांच्या नावाशी जोडली जाते. तिच्यात एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर येते. भाषा मराठीच राहते. पंथातील अभ्यासकांना ती नेहमीच वाचता येत होती. पंथाबाहेर तिचा उलगडा विसाव्या शतकात वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या कामातून झाला. ‘रहस्यमय सांकेतिक लिपीचे गूढ उकलले’ या धाटणीची वाक्ये म्हणूनच टाळावीत. उकलायचे काही शिल्लक नाही, वाचायचे मात्र पुष्कळ आहे.

पोथ्यांची रुपयांतली किंमत विचारू नये आणि छापू नये. ७५ वर्षांहून जुनी, महत्त्वाची हस्तलिखिते १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्याच्या कक्षेत येतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. असे आकडे छापले की त्यांचा उपयोग चोरांनाच होतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. हा प्रकल्प त्यानंतर सुरू होत असला तरी त्या दर्जासाठीच्या कोणत्याही शासकीय निधीतून चाललेला नाही. मठांशी बोलणी २०२२ पासून सुरू होती. महानुभाव पंथ पंजाबातही पोहोचला आणि तिथल्या मठांतही मराठी पोथ्या आहेत. त्यांच्याबाबत अद्याप कोणताही करार झालेला नाही, म्हणून त्याबद्दलचे अंदाज बातमीत देऊ नयेत.

पत्रकारांसाठी भेट

छायाचित्रणाची पद्धत पाहण्यासाठी शुक्रवार, ३० जानेवारी २०२६ रोजी सकाळी ११ वाजता विद्यापीठ ग्रंथालयाच्या तळमजल्यावर प्रात्यक्षिक होईल. प्रात्यक्षिकात विद्यापीठाच्या स्वतःच्या संग्रहातील पोथी वापरली जाईल. तिचे फोटो आणि चित्रण फ्लॅशशिवाय करता येईल. मठांतील पोथ्यांची आठ छायाचित्रे मठांच्या संमतीने जनसंपर्क कक्षात मिळतील. प्रत्येक छायाचित्राखाली ‘मठाच्या सौजन्याने’ असा उल्लेख आवश्यक आहे. मठांत थेट कॅमेरा घेऊन जाऊ नये.

प्रकल्पप्रमुख, ग्रंथपाल आणि लिपी-अभ्यासक प्रात्यक्षिकानंतर प्रश्नांची उत्तरे देतील. पंथाच्या आचाराविषयी किंवा तत्त्वज्ञानाविषयी प्रश्न असल्यास ते २७ जानेवारीपर्यंत लेखी द्यावेत. विद्यापीठ त्यांची उत्तरे स्वतः न देता मठांकडून आणून देईल. नावनोंदणी जनसंपर्क कक्ष, मुख्य प्रशासकीय इमारत, दुसरा मजला येथे कार्यालयीन वेळेत.