माध्यम संशोधन इंटर्नशिपसाठी अर्ज

दिनांक: १२ जानेवारी २०२६

प्रति,
विभागप्रमुख,
वाचक-प्रेक्षक संशोधन विभाग, पुणे.

विषय: मे ते जुलै २०२६ या काळातील इंटर्नशिपसाठी अर्ज.

महोदया,

आपल्या जाहिरातीत ‘मराठीतून फील्डवर्क आणि खुल्या उत्तरांचे कोडिंग जमणारा विद्यार्थी’ हवा असल्याचे वाचले. मी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संज्ञापन विषयात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ही दोन्ही कामे मी केली आहेत, म्हणून हा अर्ज.

ऑगस्ट २०२५ मध्ये आम्ही चौघांनी भोर आणि मुळशी तालुक्यांतील आठ गावांत बातम्यांच्या सवयींचे सर्वेक्षण केले. उद्दिष्ट ३२० मुलाखतींचे होते, ३०८ पूर्ण झाल्या. प्रत्येक गावात चार ठिकाणांहून सुरुवात करून उजव्या हाताने दर पाचवे घर घेतले आणि घरातली व्यक्ती किश ग्रिडने निवडली. प्रश्नावली कोबोटूलबॉक्सवर भरली. प्रश्नावलीचा मसुदा, चाचणी आणि माहितीची तपासणी माझ्याकडे होती.

चाचणीच्या २० मुलाखतींतच प्रश्नावलीची मोठी चूक हाती आली. ‘घरी पेपर येतो का?’ याला ‘नाही’ म्हटले की वाचनाचे पुढचे सगळे प्रश्न फॉर्म आपोआप गाळत होता. पण गावात पेपर वाचला जातो तो चहाच्या टपरीवर, ग्रामपंचायतीत, सलूनमध्ये. एका अंकामागे किती वाचक, हे मोजायला निघालेल्या प्रश्नावलीने नेमके तेच वाचक बाहेर ठेवले होते. मग घरचा पेपर आणि वाचन हे प्रश्न वेगळे केले. ‘बातम्या पाहता का?’ हा प्रश्नही काढून टाकला. व्हॉट्सॲपवर आलेल्या पेपरच्या कात्रणाला लोक बातमी म्हणत नाहीत, त्यामुळे दिवसभर मोबाइल हातात असलेला माणूसही सरळ ‘नाही’ म्हणतो. त्याऐवजी ‘काल’ काय पाहिले, वाचले, ऐकले ते एकेक माध्यमाचे नाव घेऊन विचारले.

‘काल’ विचारण्यातही एक मेख होतीच. १५ ऑगस्टच्या सुट्टीमुळे १६ तारखेला पेपर नव्हते, आणि १७ तारखेला रविवार म्हणून आम्ही जोरात काम केले. त्या दिवशीच्या २३ मुलाखतींत वाचन एकदम कोसळलेले दिसले, तेव्हा तारीख लक्षात आली. तेवढा प्रश्न फोनवर पुन्हा विचारला. १९ जण मिळाले, उरलेल्या चार नोंदी त्या प्रश्नापुरत्या वगळल्या.

आर्थिक स्तरासाठी एनसीसीएस पद्धतीने घरातील मुख्य कमावत्या व्यक्तीचे शिक्षण आणि ११ वस्तूंची यादी घेतली. चारचाकीचा प्रश्न आला की ‘हे लाडक्या बहिणीचं तपासायला आलात का?’ असे विचारले जाई आणि पुढची उत्तरे आखडायची. ही यादी शेवटी नेल्यावर निदान माध्यमांच्या प्रश्नांना तरी त्याचा फटका बसला नाही. वस्तूंची उत्तरे मात्र किती खरी, याबद्दल मला अजून शंका आहे, आणि अहवालात ती तशी नोंदवली आहे.

दहा टक्के मुलाखती फोनवरून पुन्हा पडताळल्या. नऊ मिनिटांच्या आत संपलेल्या प्रत्येक मुलाखतीची वेळ आणि जागा पाहिली, त्यांतल्या सहा बाद केल्या. वय आणि लिंगानुसार भारांकनही केले, कारण दुपारच्या फेऱ्यांमुळे नमुन्यात स्त्रिया जास्त आल्या होत्या.

‘कोणत्या बातमीवर विश्वास बसतो आणि का?’ या खुल्या प्रश्नाची उत्तरे दोघींनी स्वतंत्रपणे कोड केली. पहिल्या ५० उत्तरांवर कोहेनचा कापा ०.५८ आला. ‘ओळखीच्याने पाठवली’ आणि ‘गावातलीच आहे’ हे दोन कोड एकमेकांत मिसळत होते. त्यांच्या व्याख्या उदाहरणांसह पुन्हा लिहिल्यावर पुढच्या ५० उत्तरांवर तो ०.७९ झाला. मराठी उत्तरे आधी इंग्रजीत नेऊन मग कोड करण्याची पद्धत मी टाळते. ‘पटतं’ आणि ‘खरं वाटतं’ यांतला फरक त्या वाटेवर हरवतो.

एक्सेल आणि एसपीएसएसवर क्रॉसटॅब, काय-स्क्वेअर व भारांकन मी स्वतः करते. आर शिकते आहे. अजून तक्ते आणि आलेखांपुरतेच येते. टीव्ही प्रेक्षक-मापनाच्या पॅनेलवर काम केलेले नाही. ते जवळून पाहायला मिळावे, हे अर्ज करण्याचे एक कारण आहे.

माझी परीक्षा ३० एप्रिलला संपते. ४ मेपासून तीन महिने पूर्णवेळ येऊ शकेन, फील्डसाठी मुक्कामी जायचीही तयारी आहे. दुचाकी आणि परवाना आहे. सोबत बायोडेटा, अंतिम प्रश्नावली आणि कोडबुक जोडले आहे. प्रश्नावलीची चाचणीआधीची प्रतही मुद्दाम ठेवली आहे, म्हणजे काय बदलले ते ताडून पाहता येईल. उत्तर देणाऱ्यांची नावे व फोन नंबर असलेली फाइल जोडलेली नाही. संमती घेताना ती बाहेर देणार नाही असे सांगितले होते.

भेटीसाठी बोलावल्यास कोणत्याही दिवशी दुपारी दोननंतर येऊ शकेन.

आपली विश्वासू,
सायली जगताप
एम.ए. (संज्ञापन), द्वितीय वर्ष